पिशवी काढली, तरी महिन्याच्या महिन्याला त्रास का?

कृष्णाकाठ: बायकोची पिशवी पावणेदोन वर्षांपूर्वी काढली, गाठी होत्या. आता वय ४३. अंडाशयं ठेवलीत असं सर्जन म्हणाले. तरी दर महिन्याला पाच-सहा दिवस पोट फुगतं, ओटीपोट दुखतं, घरात कुणाशी धड बोलत नाही. सोनोग्राफी आणि हार्मोन नॉर्मल. पाळीच नाही तर पाळीचा त्रास कुठून येणार? सवयीने मनानेच धरून ठेवलंय असं मला वाटतं.

निवृत्त सिस्टर: "धरून ठेवलंय" हे वाचलं आणि हातातलं काम सोडून लिहायला बसले. स्त्रीरोग वॉर्डात २७ वर्षं काढली आहेत आणि हे वाक्य प्रत्येक वर्षी कुठल्या ना कुठल्या नवऱ्याकडून ऐकलं आहे.

दादा, पिशवीमुळे पाळी चालत नाही, पिशवीत ती फक्त दिसते. चालवतात ती अंडाशयं आणि मेंदूखालची पिट्युटरी. पिशवी गेल्याचं त्यांना कुणी कळवत नाही. दर महिन्याला बीज पिकतं, फुटतं, पोटातच विरून जातं. फुटल्या जागी जो पिवळा पुंजका राहतो, तो बारा-चौदा दिवस प्रोजेस्टेरॉन सोडतो. त्याने आतडी मंदावतात, पोट तट्ट होतं, छाती दुखते. पुंजका सुकला की हार्मोन उतरतात, आणि पूर्वी ज्या दिवशी पाळी आली असती त्याच सुमारास बाईला हलकं वाटतं. फक्त कपड्यावर डाग पडत नाही, म्हणून कुणाला पटत नाही.

रिपोर्ट नॉर्मल येणारच. चिडचिड होते ती हार्मोन जास्त झाल्यामुळे नाही. काही बायकांचा मेंदू नेहमीच्या चढउतारालाच जास्त प्रतिसाद देतो, आणि ते रक्ताच्या एका तपासणीत दिसत नाही.

माझी स्वतःची पिशवी ४१व्या वर्षी काढली. मलाही "भ्रम आहे" म्हणाले. मग मी वही केली. सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी थर्मामीटर, आणि पुढे एकच ओळ: पोट, छाती, मूड. सुरुवातीला ताप ९७.४ च्या आसपास, मग एका दिवशी ९८ च्या वर गेला आणि १३ दिवस तिथेच राहिला. शेवटच्या सहा दिवसांत पोट फुगायचं, डोळ्यांत पाणी यायचं. ताप उतरला की दोन दिवसांत मोकळी. पहिल्यांदा ६ जूनला मोकळी झाले, मग ४ जुलै, मग २ ऑगस्ट. अठ्ठावीस दिवस, एकोणतीस दिवस. ती वही डॉक्टरांसमोर ठेवली तेव्हा "भ्रम" हा शब्द पुन्हा आला नाही.

तुमच्या घरी दोन महिने वही लिहा, मग मनाचं की पोटाचं ते बोलू.

घाटमाथा: सिस्टर, माफ करा, पण तुम्ही अर्धंच सांगताय. पिशवी काढताना अंडाशयाचा रक्तपुरवठा तुटतो आणि ती सुकतात. माझ्या आईला वर्षभरात घाम आणि गरम वाफा सुरू झाल्या. हा पाळी जाण्याचा त्रास आहे, पाळीचा नाही.

निवृत्त सिस्टर: पुरवठ्याचा एक भाग पिशवीच्या बाजूने येतो, तो तुटतो. मुख्य धमनी वरून वेगळी येते, ती राहते. काही जणींची अंडाशयं काही वर्षं आधी थकतात हे खरं, तुमच्या आईचं तेच झालं असेल. पण गरम वाफा महिन्यातले सहा दिवस येऊन बाकीचे बावीस दिवस गप्प बसत नाहीत. वाफा, घाम असेल तर रक्तातलं एफएसएच हे हार्मोन तपासा. इथे तसं काही लिहिलेलं नाही.

घाटमाथा: ठीक आहे, बावीस दिवसांचा मुद्दा मान्य. सगळ्यांना लागू होतो हे मात्र मान्य नाही.

मराठवाडी लेक: सगळे हार्मोनवर बोलताय. ती पिशवी काढायची गरज होती का, हे कुणी विचारलं? आमच्या बीडमध्ये ऊसतोडीला जाणाऱ्या कित्येक बायकांच्या पिशव्या तिशीच्या आत काढल्या. २०१९ मध्ये सरकारी समितीने पाहणी केली तेव्हा तेरा हजारांवर बायकांची पिशवी काढलेली निघाली. पाळीच्या दिवसात खाडा झाला तर मुकादम पैसे कापतो, म्हणून. माझ्या मावशीला "पांढरं जातंय, कॅन्सर होईल" म्हणून सांगितलं. ती २८ वर्षांची होती. आज तिची कंबर जाते आणि दर महिन्याला पोट दुखतं. ठेवलं काय, काढलं काय, आजपर्यंत तिला कुणी सांगितलेलं नाही.

कृष्णाकाठ: ताई, माझ्या बायकोला गाठी होत्या, रक्तस्राव थांबत नव्हता, हिमोग्लोबिन ६ वर आलं होतं. आम्ही मुकादमाच्या धाकाने केलेलं नाही. दुसऱ्याच्या धाग्यावर आपलं दुःख आणू नका.

मराठवाडी लेक: दुसऱ्याचं दुःख? "मनानेच धरून ठेवलंय" हेच माझ्या मावशीला तिच्या नवऱ्याने म्हटलं. तुम्ही दोघं सारखेच.

निवृत्त सिस्टर: दोघंही थांबा. लेक, मावशीचा डिस्चार्ज कागद शोध. बीएसओ लिहिलं असेल तर दोन्ही अंडाशयं गेली, आणि मग दर महिन्याचं दुखणं वेगळ्या कारणाने आहे, कंबरेसाठी हाडंही तपासावी लागतील. कागद नसेल तर सोनोग्राफी. तुझा राग बरोबर आहे, पण तिला आज काय होतंय हे त्या कागदाशिवाय कळणार नाही.

मराठवाडी लेक: कागद त्या दवाखान्याने दिलाच नाही. बघते.

शुभ्रा७८: मग अंडाशयं ठेवतातच कशाला? माझी काढली, कटकट संपली.

निवृत्त सिस्टर: कधी काढली?

शुभ्रा७८: ५३व्या वर्षी.

निवृत्त सिस्टर: त्या वयात चक्र तसंही संपत आलेलं असतं. ४३व्या वर्षी काढली तर एका रात्रीत पाळी जाते, हाडं आणि हृदय दोन्हींवर ताण येतो.

अबोली: माझं उदाहरण सिस्टरांच्या विरुद्ध जातं, म्हणून लिहिते. मीही वही लिहिली. मूड महिन्याच्या तालात होता, पण उजवीकडचं दुखणं महिना संपला तरी पूर्ण जायचं नाही, शौचाच्या वेळी कळ यायची, संबंधाच्या वेळी आत खोल दुखायचं. "अंडाशयाचं नेहमीचंच" म्हणत तीन वर्षं गेली. दुर्बिणीने पाहिलं तेव्हा अंडाशय आतड्याला चिकटलेलं होतं आणि मागे एंडोमेट्रिओसिसचे, म्हणजे पिशवीच्या अस्तरासारख्या पेशींचे, डाग. पिशवी गेली होती, डाग राहिले होते, आणि अंडाशयाच्या इस्ट्रोजेनवर ते पोसले जात होते. सोनोग्राफी दोनदा नॉर्मल होती. वही चांगली, पण वहीवर समाधान मानू नका.

निवृत्त सिस्टर: अबोली, हे मी आधीच लिहायला हवं होतं. दुखणं महिन्याबरोबर मोकळं होत नसेल तर ते निव्वळ चक्र नाही. एकदा साडेतीन सेंटिमीटरची पाण्याची गाठ मलाही निघाली होती, पण ती दोन महिन्यांनी पुन्हा पाहिली तेव्हा विरली होती. विरली नसती तर मी थांबले नसते.

कृष्णाकाठ: ऑपरेशनचा कागद काढला. त्यात लिहिलंय, उजवं अंडाशय गाठीसह काढलं, डावं ठेवलं. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. बायकोला विचारलं, दुखतं कुठे? ती म्हणाली, "दर वेळी डावीकडेच. तुम्ही कधी विचारलं नाहीत."

निवृत्त सिस्टर: एकच उरलं तर दर महिन्याला बहुतेक तेच काम करतं. दुखण्याची जागा त्याच्याशी जुळते. चिकटलंय की नाही, हे मात्र अजून माहीत नाही. थर्मामीटर आणा. आणि दुखणं त्या सहा दिवसांबाहेर राहतं का, ते वहीत वेगळ्या शाईने लिहायला सांगा.

कृष्णाकाठ: आणला. ती म्हणते, वही तीच लिहील, मी वाचायची नाही.