हिरवा चुडा: दोन-सहा की दोन-आठ?

पल्लवी (ए-२०३): पुढच्या रविवारी संध्याकाळी डोहाळेजेवण आहे. हिरव्या काचेच्या बांगड्या ऑनलाइन मागवायच्या आहेत. मनगट मोजलं, १६ सेंमी भरलं. ॲपवर २.४, २.६, २.८, २.१० असे आकडे आहेत. लग्नात २.४ चा चुडा भरला होता, पण आता हात जड वाटतो. कोणतं माप घेऊ?

रेखा (बी-१०४): २.१० म्हणजे २.४ पेक्षा लहान ना?

शोभा काकू (सी-१०१): नाही वं, तिथंच घोळ होते. तो ठिपका दशांशाचा नाही. माझ्या माहेरी, महाल भागात, बांगड्यांचं दुकान होतं, तिथं आम्ही दोन-चार, दोन-सहा असंच म्हणायचो. पहिला आकडा इंच, दुसरा इंचाचा सोळावा भाग. जसे रुपयाचे सोळा आणे. म्हणून २-४ म्हणजे सव्वादोन इंच, २-८ म्हणजे अडीच, आणि २-१० त्याहून मोठी. हे माप बांगडीच्या आतल्या व्यासाचं.

शोभा काकू (सी-१०१): आणि पल्लवी, मनगट मोजून उपयोग नाही बाई. बांगडी अडकते ती पंजात. बांगडी भरताना करतो तसं अंगठा आत दुमडून करंगळीकडे ने, बोटं जवळ घे. मग बोटांच्या मुळाशी जिथं पंजा सगळ्यात रुंद आहे तिथून, अंगठ्याच्या हाडावरून टेप फिरव. टेप अंगाला लागला पाहिजे, आवळायचा नाही. दोन्ही हात मोज, उजवा बहुतेक थोडा मोठा निघतो.

पल्लवी (ए-२०३): डावा १९, उजवा १९.४ सेंमी.

शोभा काकू (सी-१०१): मोठा हात धरायचा. १९.४ ला ३.१४ ने भाग, ६.१८ सेंमी येते. २-६ आतून ६.०३ असते आणि २-८ आतून ६.३५. तू मधोमध आहेस. कधी मोजलं?

पल्लवी (ए-२०३): आत्ताच, सकाळी.

शोभा काकू (सी-१०१): मग २-८ च घे. सातव्या महिन्यात संध्याकाळी हात आणखी जड होतात, त्यात आपल्या नागपूरचं ऊन. कार्यक्रम संध्याकाळी आहे, सकाळच्या मापावर जाऊ नको. २-६ मऊ हातात शिरेलही, पण मांस दबते, हाड दबत नाही आणि काच तर मुळीच ताणत नाही. २-८ मनगटावर थोडी खेळेल, तरी अंगठा मोकळा असेपर्यंत गळून पडणार नाही. एक सांगून ठेवते, हाताबरोबर चेहराही एकाएकी सुजला किंवा डोकं फार दुखलं तर बांगड्यांचं राहू दे, आधी डॉक्टरांना दाखव.

रेखा (बी-१०४): मागच्या संक्रांतीला एका दुकानात मला जबरदस्तीनं २-४ भरली. अंगठ्यापाशी बांगडी वाढली आणि चिरलं. अजून वण आहे.

शोभा काकू (सी-१०१): जोर लावला की असंच होते. काचेची पट्टी गोल वळवून तिची टोकं तापवून जोडतात, तो जोड बोटाला खडबडीत लागते. भरताना जोड अंगठ्याच्या हाडावर येऊ द्यायचा नाही. आधी हात पाच मिनिटं वर धरायचा, थंड पाण्यात बुडवायचा. मग ओल्या हाताला साबणाचा फेस लावायचा. बांगडी चारही बोटांतून तिरपी सरकवायची आणि अंगठ्याच्या बुंध्याशी आली की थांबायचं. तिथं दुसऱ्या हातानं तळव्याकडून अंगठ्याचं मांस आत दाबत, करंगळीची बाजू आधी पार करायची. मग अंगठ्याची बाजू आपोआप उतरते. एकावेळी एकच बांगडी. हाडावर टोचल्यासारखं दुखलं की मागे घ्यायची, पिळून पुढे ढकलायची नाही.

सीमा (ए-४०२): माझी आई हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवते, वरून बांगड्या सरकवते आणि मग पिशवी ओढून काढते.

शोभा काकू (सी-१०१): हाव, चांगली युक्ती आहे. पिशवीवरून काच घासत नाही. काढतानाही तीच वापर.

पल्लवी (ए-२०३): २-८ ची ऑर्डर टाकली, दोन डझन.

शोभा काकू (सी-१०१): आल्या की प्रत्येकीचं आतलं माप फूटपट्टीवर बघ, साधारण ६.३ ते ६.४ सेंमी भरायला पाहिजे. एका डझनात एकदोन जोडाच्या जागी कमी निघतातच. त्या वेगळ्या काढ. शुक्रवारपर्यंत आल्या तर मी घरी येऊन भरून देईन, साबण आणि पिशवी तयार ठेव.

पल्लवी (ए-२०३): काकू, शुक्रवारी सकाळी येता का? नाश्त्याला तर्री-पोहे करते.

शोभा काकू (सी-१०१): येते, पण सकाळी नको. संध्याकाळी सातला येते, हात जड असतानाच बघायचं आहे.