भिंतीला ओल आलीय, मालक म्हणतात खर्च तुमचा. पत्र कसं लिहू?

राजारामपुरीकर: पहिल्या मजल्यावर भाड्याने राहतोय, अकरा महिन्यांचा करार, भाडं ९,०००. बाथरूमला लागून असलेल्या बेडरूमच्या भिंतीला ओल आलीय. रंगाचे पोपडे सुटलेत, बोट लावलं की गिलाव्याची वाळू हातात येते. माझ्या कपाटाची मागची प्लायही फुगली. मालक म्हणतात, "तुम्ही पाणी फार सांडता, रंग तुम्हीच मारून घ्या." वयस्कर काका आहेत, भांडायचं नाही, पण लेखी द्यायचंय.

पेठेतला गडी: पत्र कशाला? १५ दिवसांची नोटीस द्या, काम करून घ्या, भाड्यातनं वळतं करा. कायद्यातच हाय की!

साइटवरचा: आधी सांगा, पावसात घर बंद होतं का कधी?

राजारामपुरीकर: हो, गणपतीत पाच दिवस गडहिंग्लजला होतो. पाऊस चालूच होता. आलो तर डाग फिका झालेला, चार दिवसांत पुन्हा गडद.

साइटवरचा: मग पाऊस नव्हे. भिंतीतली नळाची पाइप गळत असती तर तुम्ही नसतानाही गळली असती. पाणी फरशीच्या सांध्यातून नाहीतर नानी ट्रॅपजवळ, म्हणजे सांडपाणी जायच्या जाळीजवळ मुरतंय. ट्रॅपला बोळा कोंबून रात्रभर बोटभर पाणी साठवा. डागाच्या कडेला पेन्सिलने रेघ आणि तारीख टाका. रेघेबाहेर ओल गेली तर फरशी. नाही गेली तर ट्रॅप किंवा खालची पाइप. आणि बाथरूममध्ये पाणी सांडायचंच असतं हो!

सुमनताई: आमच्याकडे वरच्या फ्लॅटमधून गळतंय, सोसायटी म्हणते तुमचं तुम्ही बघा. दोन वर्षं झाली.

कोर्टकचेरी: ताई, तुमचं प्रकरण वेगळं, नवा धागा काढा. गडी, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम १४ तुम्ही म्हणता ते. पण तिथेही वर्षाच्या भाड्याच्या पाव हिश्श्यापर्यंतच वळतं करता येतं, इथे २७,०००. शिवाय ते भाडेकरूसाठी. अकरा महिन्यांचा करार बहुधा लिव्ह अँड लायसन्स असतो, त्यात तुम्ही कायद्याने भाडेकरू नसता, तिथे करारात दुरुस्तीचं काय लिहिलंय ते आधी बघा. परस्पर भाडं कापलंत तर काका थकबाकी म्हणून डिपॉझिटमधून काढतील. पत्र साधं ठेवा:

"काका, नमस्कार. बाथरूमलगतच्या भिंतीला ओल आहे. घर पाच दिवस बंद असताना डाग फिका झाला, वापर सुरू होताच पुन्हा वाढला. म्हणजे पाणी बाथरूममधून मुरते आहे. नुसता रंग मारून ते थांबणार नाही. आपल्या माहितीतला प्लंबर पाठवून १५ दिवसांत दुरुस्ती करावी व खर्च आपण करावा, ही विनंती. कामाच्या दिवशी मी घरी थांबेन. तारखेचे फोटो सोबत आहेत."

दोन प्रती काढा, एकीवर पोच म्हणून सही घ्या.

पेठेतला गडी: आणि कपाट?

कोर्टकचेरी: ते यात घालू नका. ओल दिसल्यावर कपाट सरकवलं का नाही, हा प्रश्न येणारच.

राजारामपुरीकर: नव्हतं सरकवलं. पत्र दिलं काल. रेघेबाहेर दोन बोटं ओल गेलेली काकांना दाखवली. रविवारी गवंडी येतोय म्हणाले. रंगाचं मात्र "बघू".