मदत हवी आहे: कोटेशनला नाही म्हणायचंय, पण इंग्लिश मेलमध्ये

नमस्कार मंडळी, बेळगावच्या उद्यमबागेत आमचं छोटं मशीन शॉप आहे, पंप हाऊसिंगच्या कास्टिंगसाठी कोइमतूरच्या एका फौंड्रीकडून कोटेशन मागवलेलं. किलोला ११२ आणि वर भाडं ६, म्हणजे इथं पोचेपर्यंत ११८ पडतंय, आणि इथलाच एकजण १११ ला पोचवून देतोय म्हणून पीओ त्याला दिली. पण कोइमतूरवाल्याचं सॅम्पल एकदम क्लीन होतं हो, मशीनिंग करताना एक ब्लो होल निघालं नाही, उद्या इथल्याचं रिजेक्शन वाढलं तर ह्याच्याकडेच जायला लागणार.

त्याला मराठी येत नाही, कन्नड पण नाही, मग मेल इंग्लिशमध्येच. मी आधी ‘युवर रेट इज टू हाय’ लिहिलेलं, वाचून मलाच भांडल्यासारखं वाटलं, शिवाय असं लिहिलं की तो रेट कमी करून परत पाठवणार, मग काय सांगू? आता ‘फॉर धिस ऑर्डर’ दुसऱ्याला दिलंय, भाड्यामुळं जमलं नाही, सॅम्पल आवडलं, पुढच्या एन्क्वायरीला नक्की कळवतो, एवढंच चार ओळीत घालायचंय. दुसऱ्याचा रेट सांगणार नाही, ते बरं नाही दिसत.

‘रिग्रेट’ शब्द घालू की नको? आणि सब्जेक्टमध्ये काय लिहू? कुणी पर्चेसमध्ये असाल तर सांगा की.