मदत हवी आहे: आययूआय करावे की थेट आयव्हीएफ?

आम्ही ठाण्यात राहतो. माझे वय ३३, यजमानांचे ३६ असून अडीच वर्षे प्रयत्न करूनही एकदाही गर्भधारणा झालेली नाही. पाळी नियमित आहे, बीजनिर्मिती होते, एचएसजीत दोन्ही नलिका मोकळ्या दिसल्या आणि वीर्यतपासणी दोन्ही वेळा सामान्य आली. म्हणून फाइलवर ‘अनएक्सप्लेन्ड इन्फर्टिलिटी’ असा शेरा आहे. याचा अर्थ दोष नाही असा नसून, नेहमीच्या तपासण्यांत तो सापडला नाही एवढाच, हे मला समजते. स्त्रीबीज व शुक्राणूंचा संयोग होतो का, हे या तपासण्या सांगतच नाहीत.

लेट्रोझोल घेऊन, फॉलिक्युलर स्टडीनुसार दिवस ठरवून संबंध ठेवण्याची तीन चक्रे झाली. आता इथल्या डॉक्टर औषधांसह आययूआयची तीन चक्रे सुचवतात, तर वाशीतील डॉक्टर थेट आयव्हीएफ. एएमएच २.१ आहे, एंडोमेट्रिओसिसची लक्षणे नाहीत, लॅप्रोस्कोपी केलेली नाही. खर्च मात्र एकाच आयव्हीएफ चक्राचा झेपेल.

अशा स्थितीत आययूआयची तीन चक्रे आधी करणे योग्य, की त्यात जाणारे महिने वाया जातील, आणि तुमच्यापैकी जे यातून गेले आहेत, त्यांच्या बाबतीत डॉक्टरांनी हा निर्णय नेमका कशावरून घेतला?