हाफ मॅरेथॉन चालत पूर्ण करायची आहे, वेग टिकत नाही. मदत हवी आहे

रमतगमत:
मला हाफ मॅरेथॉन पळायची नाही, चालायची आहे, एकसारख्या वेगात. १४ किमीपर्यंत जाते, पण शेवटी पाय ओढल्यासारखे होतात आणि नडग्या भरून येतात. अ‍ॅपवर सरासरी बरोबर १० मिनिटं प्रति किमी दिसते, म्हणजे वेळेत बसायला हवं. नेटवरचे सगळे प्लॅन पळणाऱ्यांचे. चालणाऱ्यांसाठी तयार वेळापत्रक असेल तर कृपया लवकर द्या.

पायपीट:
वेळेत म्हणजे किती वेळेत? कटऑफ काय, रेस कधी, आठवड्यात किती दिवस चालता? यातलं काहीच नाही तर वेळापत्रक कशाच्या जोरावर देणार?

निवांत_नाना:
रोज तासभर चाला, साखर सोडा. माझं वजन याच उपायाने उतरलं.

रमतगमत:
नाना, वजनाचं विचारलेलं नाही. कटऑफ साडेतीन तास, रेस ९ आठवड्यांनी. रोज ५ किमी चालते, रविवारी लांब. १० च्या वेगाने साडेतीन तासांत होईलच ना?

पायपीट:
नाही होणार. अंतर २१.१ किमी आहे, २१ नाही. १० च्या वेगाने ३ तास ३१ मिनिटं लागतात, म्हणजे मिनिटभराने हुकलात. ९:४० धरलंत तर ३:२४ होतात आणि पाणी, शौचालय, सुरुवातीची गर्दी यांना सहा मिनिटं उरतात. आता १४ किमीचे प्रत्येक किमीचे आकडे टाका. आणि अ‍ॅपमध्ये ऑटो पॉज चालू आहे का?

रमतगमत:
चालू आहे, सिग्नलला थांबावं लागतं. पहिले ५ किमी ९:२०, मधले ५ साधारण १०, शेवटचे ४ १०:५०. घरातून निघून परत येईपर्यंत २ तास २७ मिनिटं.

पायपीट:
मग अ‍ॅपने थांबलेली ७ मिनिटं वगळून १० दाखवले. खरी सरासरी साडेदहा. रेसचं घड्याळ तुमच्यासाठी थांबत नाही, ऑटो पॉज बंद करा.
दमाचा प्रश्न नंतरचा, आधी सुरुवात आवरा. पहिले दोन किमी मुद्दाम १० ने चाला, 'फारच सावकाश चाललोय' असं वाटलं तरी. मग ९:४० वर या. वेग वाढवताना पाऊल लांब टाकू नका, पावलं लवकर टाका. लांब पाऊल टाकलं की टाच फार पुढे पडते आणि पंजा उचलून धरताना नडगीच्या पुढचा स्नायू दमतो. त्या भरून येण्याचं बहुधा हेच कारण.

धावपटू_अर्धवट:
एवढं कशाला? चार मिनिटं चाला, एक मिनिट पळा. आरामात तीन तासांत.

पायपीट:
त्यांना पळायचं नाही, पहिल्याच ओळीत आहे.

धावपटू_अर्धवट:
मग कटऑफ हुकला तर दोष पळण्याला देऊ नका. एक मात्र खरं, रेसआधी एकदा पूर्ण २१ चालून बघा. डोकं शांत राहतं.

पायपीट:
ते मला पटत नाही. साडेतीन तास पायांवर राहिलं की पुढच्या आठवड्यातलं चालणं बिघडतं. आठ रविवारची अंतरं अशी ठेवा: १२, १४, १६, १२, १७, १९, १४, ९. नवव्या रविवारी रेस. मधला १२ चा आठवडा गाळू नका. ही लांब चाल साडेदहाने चाला, फक्त शेवटचे ३ किमी ९:४० ने. दमलेल्या पायांना तोच वेग ओळखता यायला हवा.
रोजचे ५ किमी रोज जोरात नकोत. एक दिवस वेगाचा: १० मिनिटं सैल चालून २ किमी ९:४० ने, पाच मिनिटं सावकाश, पुन्हा २ किमी. जमलं की दोन्ही भाग ३-३ किमीचे करा. दोन दिवस रमतगमत, बाकी विश्रांती.

मंजुळा_आजी:
मी दोन हाफ चाललेय. पायमोजे सुती घालू नका, घामाने ओले राहतात आणि बोटांना फोड येतात. १९ च्या दिवशी रेसचेच बूट-मोजे घाला. एका रेसमध्ये मला मागे पाणीच मिळालं नव्हतं, टेबलं उचलली होती. छोटी बाटली जवळ असू द्या.

पायपीट:
+१. आणि नडगीचं एक. एकाच जागी, हाडावर बोट दाबून दुखत असेल आणि रात्रीही ठणकत असेल तर चालणं थांबवून डॉक्टरांना दाखवा. तो स्नायूचा थकवा नाही.

रमतगमत:
दाबून दुखत नाही, फक्त चालताना भरतात. १२ ने सुरुवात करते. पण दर किमीला फोन बघत बसायचं का? त्यावरचा वेग तर सारखा उड्या मारतो.

पायपीट:
त्या क्षणाचा वेग बघूच नका. दर किमीला आवाजी सूचना लावा, मध्ये पावलं मोजा. ९:४० ला मिनिटाला तुमची किती पडतात ते एकदा मोजून ठेवा.

धावपटू_अर्धवट:
२१ चालून बघा म्हटलं ते अजून कोणी खोडलेलं नाही.

निवांत_नाना:
बूट कोणते घेताय?