लिंबाच्या रसात मासा 'शिजतो' की 'मुरतो'?

गोदाकाठ: एका पाककृतीत वाचलं, 'कच्चा मासा लिंबाच्या रसात अर्ध्या तासात शिजतो.' पेरू देशातला सेविचे हा पदार्थ. विस्तवाशिवाय जे होतं त्याला 'शिजणं' म्हणावं का?

जुना_शब्द: म्हणायला हरकत नाही. मांस पांढरं पडतं, घट्ट होतं, म्हणजे शिजलंच की. आंबट इतकं तीव्र असतं की त्यात जंतूही टिकत नाहीत, म्हणून तर लोणचं वर्षभर राहतं.

रस्सा_मंडळ: पहिला भाग निम्मा बरोबर आहे. उष्णतेने जसे प्रथिनांचे वेटोळे उलगडून एकमेकांत अडकतात, तसेच आम्लानेही. बोटाच्या पेराएवढे तुकडे रसात पूर्ण बुडवले तर पंधरा-वीस मिनिटांत कडा पांढऱ्या होतात. तुकडा कापून पाहा, मध्ये काचेसारखा कच्चा भाग दिसेल.
जंतूंचं मात्र तसं नाही. रसाने काही जंतू कमी होतात, पण सगळे मरत नाहीत. साल्मोनेला बराच तग धरतो, आणि समुद्री माशातली अनिसाकिस ही अळी लिंबात जिवंत राहते. लोणचं टिकतं ते मीठ, आम्ल, तेल आणि काळ या सगळ्यांमुळे. इथे मीठ चिमूटभर, वेळ अर्धा तास.

पंचवटीकर: आम्ही सुरमईला हळद, मीठ, लिंबू लावून तासभर ठेवतो आणि मग तळतो. म्हणजे तो आधीच निम्मा शिजलेला असतो का? तुकडी तव्यावर फुटते.

रस्सा_मंडळ: प्रश्न कच्च्या खाण्याचा होता, पण फुटण्याचं कारण तेच. तासभरात वरचा थर आम्लाने घट्ट होऊन भुसभुशीत होतो, मग उलटताना तुटतो. मीठ-हळद आधी लावा, लिंबू तळण्याआधी दहा-पंधरा मिनिटं. तळताय म्हटल्यावर जंतूंची चिंता नाही, फक्त मधला भाग अपारदर्शक होऊन पापुद्रे सुटले पाहिजेत.

गोदाकाठ: मग कच्चा खायचाच असेल तर?

रस्सा_मंडळ: अळ्यांसाठी उणे 20 अंशांवर सात दिवस गोठवायला हवा. घरच्या फ्रीजरचा भरवसा नसतो. आणि गोठवल्याने जंतू मरत नाहीत, ते नुसते थांबतात. नाशिकला समुद्री मासळी बर्फात येते. वाटेत बर्फ कमी पडला तर बांगडा-सुरमईत हिस्टामिन हे विषबाधा करणारं द्रव्य तयार होतं. ते लिंबाने जात नाही, शिजवूनही जात नाही. जीभ चुरचुरली तर मासा टाकून द्या. गंगापूर धरणातला रोहू-कटला तर कच्चा नकोच, गोड्या पाण्यातल्या माशांतही परजीवी असू शकतात.

जुना_शब्द: लोणच्याबद्दल माझं चुकलं. पण 'मुरणं' म्हणजे चव आत जाणं, इथे तर मांसच बदलतं. 'साकळणं' कसं वाटतं? रक्त साकळतं तसं.

गोदाकाठ: 'साकळणं' ऐकून भूक जाईल. लिंबाने दूध 'फाटतं', तसा मासा 'फाटला' म्हणावं का?

रस्सा_मंडळ: फाटल्यावर पाणी आणि चोथा वेगळे होतात, इथे तुकडा अखंड राहतो. मी पाककृतीत 'लिंबात पांढरा केलेला कच्चा मासा' लिहीन. 'कच्चा' हा शब्द गाळायला नको.