'आईनी' लिहिलं तर काय बिघडलं?

धागाकर्ती: आरोग्याचं पत्रक इंग्रजीतून मराठीत आणतेय. टाइप केलेला मजकूर असा: 'डॉक्टरांनी मूलाना शारिरिक तपासणीसाठी बोलावले. आईनी दूधाची बाटली आणी कार्ड सोबत आणावे.' अर्थ कळतोच ना? मग वेलांट्या-अनुस्वारांवर एवढा वेळ घालवावा का?

मुद्रितशोधक: ताई, या चुका एका जातीच्या नाहीत. 'मूल' एकटं असलं की दुसरा उकार, प्रत्यय लागला की पहिला: मुलाला, मुलांना. तसंच दूध, दुधाची. 'शरीर' मात्र संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द. त्याची दुसरी वेलांटी 'शरीराला'मध्येही टिकते आणि 'शारीरिक'मध्येही. हे मी डोळे मिटून दुरुस्त करीन.

'आईनी' मात्र करता येत नाही. एक आई असेल तर आईने, आदरार्थी असेल तर आईंनी, अनेक असतील तर आयांनी. तुम्ही लिहिलेलं रूप तिन्हींच्या मध्ये लोंबकळतंय. मूळ इंग्रजी वाक्य समोर नसेल तर मी अंदाजच करणार, आणि तो चुकला तर पत्रकाचा अर्थ चुकला. इथला अनुस्वार नुसता टिंब नव्हे, वचन आहे.

नवशिका अनुवादक: बाकी पटलं. पण शब्दाच्या शेवटी वेलांटी नि उकार दुसरेच, हा नियम आहे ना? कवी, गती, गुरू. मग 'आणी' बरोबरच.

मुद्रितशोधक: नियम बरोबर, पण 'आणि', 'नि', 'परंतु', 'तथापि' यांना तो लागत नाही. समासातही जपा: कवी, पण कविमन.

निवृत्त शिक्षक: आम्ही नांव, पांच, कांहीं असं लिहीत आलो. 'नाम'मधला म गेला, त्याची खूण म्हणून नांववर अनुस्वार होता. १९६२च्या नियमांनी ही खूणच पुसली. आता एका टिंबावरून मुलीला टोकायचं?

मुद्रितशोधक: सर, तो अनुस्वार उच्चारात उरला नव्हता म्हणून गेला. 'मुलांचा'मधला आजही ऐकू येतो, आणि तो गाळला तर एक मूल की अनेक हेच कळत नाही.

टायपिंगवाली: मला तर दोष कळफलकाचा वाटतो. रोमन अक्षरांत `mulana` टाइप केलं की अनुस्वाराची जागाच राहत नाही. मी इनस्क्रिप्ट शिकले. तिथे पहिली वेलांटी `f`, दुसरी `r`, अनुस्वार `x`. बोटाला प्रत्येक वेळी निवड करावीच लागते.

धागाकर्ती: मूळ वाक्य पाहिलं. अनेक आया आहेत, म्हणजे 'आयांनी'. पण डॉक्टर तिथे एकच आहे. 'डॉक्टरांनी' वाचून कुणाला अनेक वाटले तर?

मुद्रितशोधक: 'डॉक्टरने' पत्रकात उद्धट वाटतं. मी आदरार्थीच ठेवीन.

नवशिका अनुवादक: मी नाही ठेवणार. 'केंद्रातील डॉक्टर मुलांची तपासणी करतील' असं वाक्य फिरवलं तरी एक की अनेक हे उरतंच. 'एक डॉक्टर' असं स्पष्ट लिहावं.

मुद्रितशोधक: 'एक डॉक्टर' म्हटलं की कुणीतरी अनोळखी वाटतो. नाही पटत.